मराठीतलं ‘प्लीज’ क्रियापदातच असतं

“मराठीत ‘प्लीज’ला शब्दच नाही. ये, बस, दे, सगळे हुकूमच. सभ्य बोलायचं तर ‘तू’ऐवजी ‘तुम्ही’ म्हणा आणि पुढे ‘कृपया’ लावा, विषय संपला.”

हा दावा तपासताना ‘कृपया’पासूनच सुरुवात करू. तो शब्द फलकावरचा आणि रेल्वे स्थानकावरच्या उद्घोषणेतला. पानावर बसून कुणी ‘कृपया मीठ दे’ म्हणत नाही, ‘जरा मीठ दे ना’ म्हणतात. ‘जरा’मुळे काम लहान होतं, ‘ना’मुळे त्यात आर्जव येतं. ‘तेवढं’ची खुबी आणखी वेगळी. ‘जाताना तेवढं दार ओढून घे’ म्हटलं की काम तुझ्या वाटेतलंच आहे, वेगळी तोशीस नाही, असं आपोआप सांगितलं जातं. कोल्हापूर-साताऱ्याकडे ‘ना’च्या जागी ‘की’ येतो. ‘या की, बसा की’ यात आर्जवापेक्षा आग्रह जास्त. हे सगळे शब्द सुरावर चालतात, हे मात्र विसरू नये. ‘ना’ चढ्या आवाजात ओढला की तीच विनंती वैताग होते.

आता एकेरीबद्दल. ‘आई, पाणी दे’ यात कसलाही उद्धटपणा नाही. देवालासुद्धा आपण ‘सांभाळ रे’ म्हणतो. ‘दे’ हे जवळिकीचं रूप आहे. नातं नसताना ते वापरलं, अनोळखी रिक्षाचालकाला ‘चल, इथे थांब’ म्हटलं, तर अपमान होतो. याची उलट बाजूही खरी आहे. रोज ‘तू’ म्हणणारी मैत्रीण अचानक ‘बसा तुम्ही’ म्हणाली, तर तो आदर नसतो, रुसवा असतो.

शिवाय ‘तुम्ही’ केल्याने रूप दर वेळी बदलतंच असं नाही. ये-या, दे-द्या, घे-घ्या, हो-व्हा ही जोडी स्पष्ट आहे, पण जा, खा, गा दोन्हीकडे तसेच राहतात. म्हणून पाहुण्याला नुसतं ‘जा’ म्हटलं तर हाकलल्यासारखं लागतं. आपल्याकडे पाहुणा निघताना ‘येतो’ म्हणतो आणि यजमान ‘या’ म्हणतो, त्यात ही अडचणही सुटते.

प्रश्न विचारला की विनंती सौम्य होते, हेही सरसकट खरं नाही. ‘पेन देता का?’ म्हणजे आत्ता, हातात. ‘पुस्तक द्याल का?’ यात समोरच्याला नाही म्हणायला जागा राहते, म्हणून मोठं काम असेल तर हे रूप बरं. पण ‘गप्प बसतोस का?’ ही धमकी आहे. तिच्यापेक्षा ‘गप्प बस ना’ कितीतरी मऊ.

त्या दाव्यातून सर्वांत महत्त्वाची गोष्ट निसटली आहे ती म्हणजे ‘-आवे’चं रूप: यावे, बसावे, कळवावे, बोलताना यावं, बसावं. व्याकरणात याला विध्यर्थ म्हणतात. ‘आत या’ हे थेट त्या माणसाला सांगणं झालं. ‘आत यावं’ यात तुम्ही आलात तर बरं होईल, अशी इच्छा पुढे ठेवलेली असते, म्हणून त्यात अदब आहे. ही काही सरकारी कागदांनी घडवलेली भाषा नव्हे. शके 1212 मधलं पसायदान ‘तोषावें’, ‘द्यावें’ याच रूपांत मागणं मागतं.

हे रूप चुकतं ते जुळणीत. ‘करा’ला कर्माशी देणंघेणं नसतं, ‘करावे’ला असतं. अर्ज करावा, माहिती कळवावी, पावत्या ठेवाव्यात. कर्म नपुंसकलिंगी एकवचनी असेल, कर्म नसेलच किंवा त्याला ‘ला’, ‘ना’ लागला असेल तरच ‘-आवे’: काम करावे, सभेला यावे, मुलांना सोबत आणावे. नकारातही तसंच, एकाला ‘नये’, अनेकांना ‘नयेत’.

एका सोसायटीच्या फलकासारखा हा मजकूर घ्या: ‘कृपया सर्व सभासद आपली थकबाकी भरावे व वाहने गेटसमोर लावू नये.’ ‘कृपया’ आहे, तरी कानाला खटकतं. थकबाकी स्त्रीलिंगी, म्हणून ‘भरावी’. वाहने अनेक, म्हणून ‘नयेत’. आणि ‘भरावी’च्या कर्त्याला ‘नी’ हवा, म्हणून ‘सभासदांनी’. दुरुस्त वाक्य असं: ‘सर्व सभासदांनी थकबाकी भरावी व वाहने गेटसमोर लावू नयेत.’ ‘कृपया’ काढला तरी विनंती तशीच राहिली. हेच एका शेजाऱ्याला जिन्यात सांगायचं असेल, तर ‘लावू नयेत’ कोरडं वाटेल. तिथे ‘अहो, गाडी तेवढी जरा पुढे घेता का?’ हेच बरं.