अॅक्सिडेंटच्या पेशंटला नुसत्या लाल पेशी का पुरत नाहीत

"अॅक्सिडेंटमध्ये रक्त गेलं तर रक्ताच्या पिशव्या लावा, हिमोग्लोबिन वर आलं की झालं. प्लाझ्मा आणि प्लेटलेट्स रिपोर्टमध्ये कमी दिसले तरच लागतात. हे एकास एकास एक, म्हणजे लाल पेशींच्या जितक्या पिशव्या तितक्याच प्लाझ्मा आणि प्लेटलेट्सच्या, हे अमेरिकेतलं फॅड, सिद्ध काहीच झालेलं नाही, हॉस्पिटलवाल्यांचं बिल वाढवायचं काम."

असं बऱ्याचदा ऐकायला मिळतं. हिमोग्लोबिनपासूनच सुरू करू. रक्तपेढीतून जी लाल पिशवी हातात मिळते ती बहुतेक ठिकाणी पीसीव्ही असते. म्हणजे दात्याच्या रक्तातला प्लाझ्मा आणि प्लेटलेट्स आधीच वेगळ्या काढलेल्या असतात आणि राहतात त्या लाल पेशी, थोड्या टिकवणाऱ्या द्रावणात. ऑक्सिजन वाहायला त्या उत्तम, पण गुठळी करायचं मुख्य सामान त्यात नाही. गुठळीला प्लेटलेट्स लागतात, फायब्रिनोजेन आणि बाकीचे क्लॉटिंग फॅक्टर लागतात, आणि हे फॅक्टर सगळे प्लाझ्मात असतात. पेशंटच्या अंगातून मात्र जे वाहून जातंय ते अख्खं रक्त आहे, तिन्ही गोष्टी एकदम चालल्यात.

आता एक केस मांडून बघा. 70 किलोचा माणूस, बाइकवरून पडलाय, पेल्विसचं हाड फुटलंय, आतल्या आत रक्तस्राव चालू आहे. त्याच्या अंगात साधारण 5 लिटर रक्त. समजा सुरुवातीला प्लेटलेट्स अडीच लाख, फायब्रिनोजेन 300, क्लॉटिंग फॅक्टर 100 टक्के. तो रक्त घालवत राहिला आणि आपण त्याची जागा फक्त पीसीव्ही आणि सलाइनने भरत राहिलो, आणि असं करत एकूण 5 लिटर बदललं गेलं, तर त्याचा स्वतःचा प्लाझ्मा अंगात किती उरतो? वाहतंय त्याच वेळी भरतोय, त्यामुळे शून्य होत नाही, गणिताने साधारण 37 टक्के उरतो. म्हणजे प्लेटलेट्स 92 हजारांच्या आसपास, फॅक्टर 37 टक्के आणि फायब्रिनोजेन 110. रक्तस्राव चालू असताना फायब्रिनोजेन 150 च्या खाली गेलं की गुठळी धड बनत नाही, म्हणजे ते सगळ्यात आधी तळाला गेलं. याच वेळी हिमोग्लोबिन मात्र 9-10 येऊ शकतं कारण पीसीव्ही देतोयच ना आपण! मॉनिटरवर बीपी जरा सुधारलेलं, रिपोर्टवर हिमोग्लोबिन चांगलं, आणि ऑपरेशन टेबलवर सर्जन म्हणतोय की शिवलंय तरी सगळीकडून झिरपतंय, सुईच्या टोचलेल्या जागेतूनसुद्धा, आणि सक्शनच्या बाटलीत जमा झालेलं रक्त थिजतच नाहीये. हे दिसलं की समजायचं, गुठळीचं सामान संपलंय.

आणि हे गणित सौम्य आहे बरं का. यात फक्त पातळ होणं धरलंय. खऱ्या पेशंटमध्ये जखमेच्या जागी फॅक्टर खर्च होतात, अंग थंड पडतं, शॉकमुळे रक्तात आम्ल वाढतं, आणि थंडी आणि आम्ल दोन्ही गुठळीच्या विरुद्ध जातात.

आता रिपोर्टची वाट बघण्याबद्दल. डेंग्यूमुळे आपल्याकडे प्लेटलेट काउंट सगळ्यांना तोंडपाठ झालाय, घरोघरी आकडे विचारतात, आणि तिथे काउंट बघून ठरवणं बरोबरच आहे कारण तिथे आजार दिवसांच्या हिशोबाने पुढे सरकतो. इथे हिशोब मिनिटांचा आहे. सॅम्पल लॅबला गेला, रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा पीटी-आयएनआर निघून हातात आला, यात सहज पाऊण तास जातो, आणि मोठा रक्तस्राव असलेल्या पेशंटचं त्या पाऊण तासात बरंचसं रक्त बदललेलं असू शकतं. म्हणजे जो रिपोर्ट आला तो एका वेगळ्याच अवस्थेतल्या पेशंटचा आहे. पहिल्या सॅम्पलमधलं हिमोग्लोबिन तर सरळ फसवतं, कारण अख्खं रक्त गेलं की उरलेल्या रक्तात प्रमाण तेच राहतं, सलाइन आत जाईपर्यंत किंवा शरीर स्वतः पाणी ओढून घेईपर्यंत आकडा पडतच नाही. प्लेटलेट काउंटचंही तसंच, आकडा दीड लाख असतो पण शॉकमधल्या प्लेटलेट्स कामच नीट करत नाहीत आणि ते मोजणीत दिसत नाही. गुठळी कशी बनतेय ते थेट दाखवणारं टीईजी किंवा रोटेम मशीन असेल तर काही मिनिटांत अंदाज येतो, असेल तिथे जरूर वापरावं, पण ती मशीन किती ठिकाणी आहेत?

अजून एक महत्त्वाचं, बिघाड आपण पिशव्या लावायच्या आधीच सुरू झालेला असतो. लंडनच्या ब्रोही आणि सहकाऱ्यांनी 2003 मध्ये हजारावर जखमी पेशंटचे आल्या-आल्या घेतलेले सॅम्पल बघितले तर साधारण चारात एकाचं रक्त गोठणं तेव्हाच बिघडलेलं होतं, आणि बिघडलेल्यांत 46 टक्के दगावले, बाकीच्यांत जवळपास 11 टक्के. यातले बरेच सलाइनने पातळ झालेलेही नव्हते. शॉकमध्ये ऊतींना रक्त कमी मिळालं की शरीर स्वतःच गोठणं रोखणारी आणि गुठळी विरघळवणारी यंत्रणा चालू करतं. म्हणून तर गुठळी विरघळू न देणारं ट्रॅनेक्सॅमिक अॅसिड 1 ग्रॅम दहा मिनिटांत, इजा झाल्यापासून तीन तासांच्या आत द्यायचं असतं. आधीच घसरलेल्या पेशंटला रिपोर्टमध्ये अजून घसरलेलं दिसेपर्यंत थांबायचं, हे मला कधीच पटलेलं नाही.

आता सिद्ध झालं की नाही. इथे प्रामाणिकपणे बोलायला हवं कारण एकास एकास एकच्या बाजूचे लोकही कधी कधी जास्तच बोलतात. 2007 मध्ये बगदादमधल्या अमेरिकन लष्करी हॉस्पिटलचे 246 पेशंट तपासून एक पेपर आला. प्लाझ्मा आणि लाल पेशींचं प्रमाण 1:8 होतं त्यांच्यात 65 टक्के मृत्यू, 1:1.4 होतं त्यांच्यात 19 टक्के. आकडे बघून जग हललं, पण त्यात एक भोक होतं. प्लाझ्मा गोठवलेला असतो, तो वितळवायला वेळ लागतो, आणि जो पेशंट पहिल्या तासातच गेला त्याला प्लाझ्मा मिळालाच नाही, म्हणजे तो आपोआप कमी प्रमाणाच्या गटात मोजला गेला. जास्त प्लाझ्मा मिळाला म्हणून जगला की जगला म्हणून जास्त प्लाझ्मा मिळाला, हे त्या पेपरवरून सांगता येत नव्हतं.

म्हणून मग चिठ्ठी टाकल्यासारखं गट पाडून प्रॉपर हा ट्रायल झाला, उत्तर अमेरिकेतली 12 ट्रॉमा सेंटर, 680 पेशंट, 2015 मध्ये निकाल. एका गटाला प्लाझ्मा, प्लेटलेट्स, लाल पेशी 1:1:1, दुसऱ्याला 1:1:2 म्हणजे लाल पेशी दुप्पट. 24 तासांतले मृत्यू 12.7 विरुद्ध 17 टक्के, 30 दिवसांतले 22.4 विरुद्ध 26.1, आणि हे दोन्ही फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर उतरले नाहीत. पण रक्तस्रावानेच झालेले मृत्यू पहिल्या 24 तासांत 9.2 विरुद्ध 14.6 टक्के, आणि रक्तस्राव थांबला असे पेशंट 86 विरुद्ध 78 टक्के, हे दोन्ही फरक ठोस होते, आणि फुप्फुसाचे वगैरे कॉम्प्लिकेशन वाढलेले दिसले नाहीत. एक गोष्ट लोक विसरतात, कमी प्रमाणाचा गटसुद्धा 1:1:2 होता. नुसत्या लाल पेशी देऊन बघू असा गट या ट्रायलमध्ये नव्हताच. तेव्हा 1:1:1 हा अगदी नेमका आकडाच बरोबर असं कोणी म्हणत असेल तर ते जास्त होतंय, पण तिन्ही गोष्टी सुरुवातीपासून सोबत हव्यात याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

प्रमाण बिघडलं की काय होतं ते साध्या बेरजेतही दिसतं. अमेरिकन पिशव्यांच्या मापाने लाल पेशी 335 मिली, प्लाझ्मा 275, प्लेटलेट्स 50, एकत्र केलं की 660 मिली, त्यात हिमॅटोक्रिट, म्हणजे लाल पेशींचा वाटा, 29 टक्के, प्लेटलेट्स 80-90 हजार, फॅक्टर 65 टक्के. म्हणजे सगळं बरोबर देऊनसुद्धा मिश्रण मूळ रक्तापेक्षा पातळच. लाल पेशींची अजून एक पिशवी घाला, प्लेटलेट्स 55 हजारांवर येतात, वर दोन लिटर सलाइन चढवलं तर विचारायलाच नको. आपल्याकडच्या पिशव्यांची मापं थोडी वेगळी पण दिशा तीच. म्हणून ट्रॉमामध्ये सलाइन हात आखडून देतात.

बिलाचं म्हणाल तर एफएफपी म्हणजे गोठवलेला प्लाझ्मा आणि आरडीपी म्हणजे प्लेटलेट्सची साधी पिशवी, या दोन्हींचं शुल्क पीसीव्हीपेक्षा बरंच कमी असतं. महाग असते ती एसडीपी, म्हणजे एकाच दात्याकडून मशीनने काढलेल्या प्लेटलेट्सची मोठी पिशवी, पण ती एक पिशवी साधारण सहा आरडीपीच्या बरोबरीची, म्हणून सहा पीसीव्ही, सहा एफएफपी आणि एक एसडीपी असा संच लावतात. एसडीपी परवडत नसेल किंवा मिळत नसेल तर सहा आरडीपी चालतात. आपल्याकडे खरा तोटा वेगळ्याच ठिकाणी होतो. नातेवाइकांच्या हातात आधी फक्त चार पीसीव्हीची चिठ्ठी देतात, ते धावत रक्तपेढीत जातात, क्रॉसमॅच होऊन परत येतात, मग तासाभराने एफएफपीची चिठ्ठी निघते, परत धावपळ, तिथे ती 37 डिग्रीच्या पाण्यात वितळवायला अजून अर्धा तास. चिठ्ठी पहिल्यांदाच पूर्ण संचाची गेली पाहिजे. आणि नातेवाइकांनी एक लक्षात ठेवा, प्लेटलेटची पिशवी बर्फाच्या डब्यात पीसीव्हीसोबत ठेवायची नाही, ती 20 ते 24 डिग्रीला राहते.

हे सगळ्या जखमींना लागत नाही, बहुतेकांना तर एकही पिशवी लागत नाही. भोसकल्यासारखी आरपार जखम, बीपी 90 किंवा त्याखाली, नाडी 120 किंवा त्यावर, सोनोग्राफीत पोटात रक्त, या चारांतल्या दोन गोष्टी असतील तर मोठ्या रक्तस्रावाची तयारी सुरू करतात. पिशव्यांत सायट्रेट असतं, ते पेशंटचं कॅल्शियम बांधून ठेवतं आणि कॅल्शियमशिवाय गुठळी होत नाही, हृदयही ढिलं पडतं, त्यामुळे बीपी चढत नसेल तर आयोनाइज्ड कॅल्शियम बघायचं आणि साधारण दर चार पिशव्यांमागे शिरेतून कॅल्शियम द्यायचं. पिशव्या वॉर्मरमधून द्यायच्या, प्लेटलेट्स सोडून. आणि सर्जनने रक्तवाहिनी बांधली, झिरपणं थांबलं, बीपी टिकायला लागलं की त्या क्षणी प्रमाण सोडायचं. तिथून पुढे रिपोर्ट बघूनच प्रत्येक पिशवी, कारण गरज नसताना गेलेला प्लाझ्मा फुप्फुसात पाणी भरतो आणि वाचलेला पेशंट व्हेंटिलेटरवर अडकतो.