दूध हेच कारण असतं तर म्हैस पुजली असती

पोळा जवळ आला की नागपुरातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर गाईची महती फिरायला लागते. गाय ऑक्सिजन सोडते, हे त्यात दरवर्षी असतंच. हे साफ खोटं आहे. गाय आपल्यासारखाच ऑक्सिजन घेते आणि कार्बन डायऑक्साइड सोडते. तिच्या पोटात तेहतीस कोटी देव आहेत, ही श्रद्धेची गोष्ट, तिच्याशी माझं भांडण नाही. मी स्वतः गाईला हात जोडणारा माणूस आहे, म्हणूनच तिला खोटे टेकू दिलेले मला खपत नाहीत.

गाय का पुजायची, याचं सगळ्यात जास्त सांगितलं जाणारं कारण म्हणजे दूध. पण दूध तर म्हैस जास्त देते, तेही दाट. तरी म्हशीला आपल्याकडे गाईसारखं पुजत नाहीत. आणि आपल्या भागातली गाय पाहा. वर्धा-नागपूर पट्ट्यातली गवळाऊ, पांढरी, अंगाने लांबट, चपळ. एका वेतात ती साधारण 600 लिटर दूध देते, म्हणजे दिवसाला दोन-अडीच लिटर. त्यावर डेअरी चालत नाही. तरीही आर्वी-कारंज्याकडच्या शेतकऱ्यांनी ही जात पिढ्यानपिढ्या सांभाळली, कारण त्यांना तिच्या पोटचा बैल हवा होता.

आपली जमीन काळी, कपाशीची. पाऊस पडला की चिखल, उघडीप लांबली की दगड. मधे वाफसा येतो तो मोजके दिवस, आणि तेवढ्यातच तिफण चालली पाहिजे. वाफसा सगळ्या गावाला एकाच वेळी येतो, त्यामुळे शेजाऱ्याची जोडी उसनी मिळत नाही. त्याचीही पेरणी तेव्हाच असते. मग पीक उगवलं की डवरणी, तीही पावसाच्या उघडीपीतच. ज्याच्या दावणीला स्वतःची जोडी नाही, त्याचा हंगाम हातचा गेला. म्हशीच्या पोटच्या हेल्याचं काय, तर तो भंडारा-गोंदियाकडच्या धानाच्या बांधीत चिखलात छान चालतो, पण काळ्या कातडीला आमचं वखरणीच्या दिवसांतलं ऊन सोसत नाही.

आता एका गाईचा हिशेब करा. पहिलं वेत चौथ्या वर्षाच्या आसपास, पुढे दोन वेतांत सव्वा-दीड वर्षाचं अंतर. चार-पाच वेतं झाली तर त्यात गोऱ्हे दोन, फार तर तीन. गोऱ्हा औताला लागायला तीन वर्षं जातात. म्हणजे एका गाईच्या अख्ख्या आयुष्यातून जेमतेम एक जोडी उभी राहते. दुष्काळात भुकेपोटी ती गाय कापली, तर पुढच्या वर्षी पाऊस आला तरी शेत पडीकच. मार्विन हॅरिस या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञाने 1966 मध्ये साधारण हेच मांडलं. गाय न मारण्याचा नियम अडचणीच्या वर्षी शेतकऱ्याला त्याच्याच भुकेपासून वाचवतो.

पण हॅरिसचं म्हणणं मला पूर्ण पटत नाही. नफ्यातोट्याने सांभाळ समजतो, माया समजत नाही. वसुबारस आठवा. त्या दिवशी नुसती गाय पुजत नाहीत, वासरासकट पुजतात. आणि उपास करणाऱ्या बाया त्या दिवशी दूध-तूप तोंडाला लावत नाहीत. दुधाचे उपकार मानायचे असते तर त्या दिवशी खीर झाली असती. इथे तर वासराच्या वाट्याचं सोडून दिलं जातं. पूजा तिच्या आईपणाची आहे. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलाच्या जू घासून सोललेल्या खांद्याला हळद-तूप चोळून ‘आज आवतण घ्या, उद्या जेवायला या’ म्हणतात, तो याच मायेचा दुसरा भाग.

ही पूजा अनादि काळापासून अशीच होती, हेही खरं नाही. ऋग्वेदात गाईला ‘अघ्न्या’, म्हणजे मारू नये अशी, म्हटलं आहे, तरी वैदिक यज्ञांत गोवंशाचा बळी दिला जात होता. पुढे धर्मशास्त्रकारांनी तो कलिवर्ज्यात, म्हणजे कलियुगात करू नये अशा गोष्टींत घातला. परंपरेने स्वतःला सुधारलं, यात मला कमीपणा वाटत नाही.

आता अडचण अशी की ट्रॅक्टर आला आणि गोऱ्ह्याचं काम संपलं. 2015 पासून राज्यात बैलाच्या कत्तलीलाही बंदी आहे. कुटाराचे भाव पाहिले तर बिनकामाचा गोऱ्हा आणि भाकड गाय पोसणं चार एकरवाल्याला जमत नाही. तो रात्री दावं सोडून देतो आणि ती जनावरं दुसऱ्याच्या तुरीत शिरतात. सरकारने सप्टेंबर 2024 मध्ये देशी गाईला राज्यमाता म्हटलं आणि गोशाळांना गाईमागे रोज 50 रुपये ठरवले. ते गोशाळेला. स्वतःच्या गोठ्यात भाकड गाय ठेवणाऱ्याला का नाही? आपण शहरातले भक्त पोळ्याला तोरण बांधून मोकळे होतो. गावातल्या एखाद्या ओळखीच्या शेतकऱ्याच्या एका भाकड गाईचं वर्षाचं कुटार आपल्यातल्या चार घरांनी मिळून भरायला काय हरकत आहे? मी यंदा भरतोय. आणखी तीन घरं हवी आहेत, कमेंटमध्ये सांगा.