पाच हजार एका टॅपचे असतात, काका, दिवसाचे नव्हेत

प्रतिक्रिया: «ताई, लेख उगाच घाबरवणारा वाटला. टॅपची मर्यादा पाच हजारच आहे, म्हणजे कार्ड चोरीला गेलं तरी पाच हजारांच्या वर काही जात नाही. आणि गेलेच तर बँक परत देते. तुम्ही सुचवलेली पाचशेची मर्यादा लावली तर पेट्रोल पंपावर फजिती. बँकेत तेहतीस वर्षं काढली आहेत म्हणून सांगतो, आधी नियम वाचत जा, मग लिहा.»

काका, कार्ड मशीनला नुसतं टेकवून पिनशिवाय पैसे देण्याची, म्हणजे टॅपची, मर्यादा कमी करून ठेवा असं सांगणाऱ्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली आणि सकाळी पोहे गार होईपर्यंत पुन्हा वाचत बसले. मुद्दा चुकला असेल तर तो सांगा, मी दुरुस्त करते. पण ‘आधी नियम वाचत जा’ हे वाक्य मला माझ्याच घरात माझ्याच वडिलांनी कधी ऐकवलं नाही, आणि तेही बँकेतच होते, तुमच्याहून दोन वर्षं जास्त. नोकरीची वर्षं मोजायची असतील तर आपण बरोबरीत आहोत असं समजू या आणि पुढे जाऊ या.

एक गोष्ट आधीच कबूल करते. पाचशेची मर्यादा फार खाली होती. किराणा नि औषधंसुद्धा हल्ली त्यात बसत नाहीत, लेखात मी ती दीड हजार करते आहे. झालं.

आता तुमचं ते वाक्य, ‘पाच हजारांच्या वर काही जात नाही’. नियम मी वाचलाय काका, अगदी पहिल्यापासूनचा. रिझर्व्ह बँकेनं मे 2015मध्ये बिनपिनच्या टॅपला परवानगी दिली तेव्हा आकडा होता दोन हजार. 1 जानेवारी 2021पासून तो पाच हजार झाला. दोन्ही वेळा हा आकडा एका व्यवहाराचा होता. दिवसाला असे किती टॅप चालू द्यायचे, ते 2015च्या त्याच परिपत्रकानं बँकांवर सोपवलं. म्हणजे तुमच्या बँकेनं दिवसाला तीनच टॅप ठेवले असतील आणि शेजाऱ्याच्या बँकेनं दहा. पाच हजारांच्या वर गेलं की व्यवहार थांबतो असंही नाही, मशीन फक्त पिन मागतं. चोराला एवढं नक्की ठाऊक असतं. तो सहा हजारांची वस्तू घेतच नाही, चार हजार नऊशेच्या तीन घेतो.

हे मी पुस्तकातून सांगत नाहीये. 2023च्या डिसेंबरात इंदूरला राजवाड्यावर खरेदी करताना माझी पर्स गेली. मोबाइल रामबागेत घरी चार्जिंगला लावलेला. 8.51ला चपलांच्या दुकानात 4,800. 9.04ला अत्तराच्या दुकानात 4,650. 9.20ला तयार कपड्यांच्या दुकानात 4,975. तेव्हा आम्ही सराफ्यातल्या खाऊगल्लीत भुट्ट्याच्या किसाची वाट बघत उभे होतो. 9.27ला त्यानं लोभ केला, 6,200चा प्रयत्न केला, मशीननं पिन मागितला आणि व्यवहार फसला. गराडूचे पैसे द्यायला पर्स शोधली तेव्हा साडेदहा वाजले होते. घरी येऊन मोबाइल उघडला तर चारही मेसेज एकाखाली एक. तीन टॅप मिळून 14,425 रुपये, तुमच्या पाच हजारांच्या जवळजवळ तिप्पट. आणि डेबिट कार्ड होतं, म्हणजे खात्यातले खरे पैसे. क्रेडिट कार्डावर निदान बिल येईपर्यंत भांडायला वेळ असतो.

त्या रात्री मला कळलं की टॅपची मर्यादा कमी करणं हे अर्धंच काम आहे. दुसरं अर्धं म्हणजे दुकानातल्या एकूण खरेदीची दिवसाची मर्यादा. रिझर्व्ह बँकेच्या जानेवारी 2020च्या आदेशानुसार ग्राहकाला एटीएम, दुकान, ऑनलाइन आणि टॅप हे प्रत्येक वेगवेगळं चालू-बंद करता आलं पाहिजे आणि प्रत्येकाची मर्यादा ठरवता आली पाहिजे, तेही दिवसरात्र. ॲपमध्ये कार्ड निवडलं की ‘मर्यादा’ किंवा ‘कार्ड नियंत्रण’ अशा नावाखाली हे सापडतं. माझ्या कार्डावर त्या दिवशी दुकानांची दिवसाची मर्यादा एक लाख होती. ती बँकेनं घालून दिलेली, मी कधी बघितलीच नव्हती. आज ती आठ हजार आहे, लग्नाच्या खरेदीला जायचं असेल त्या दिवशी वाढवते, रात्री परत खाली आणते. आता टॅपची मर्यादा दीड हजार आणि दिवसाची आठ हजार म्हटल्यावर चोराला दीड हजारांचे फार तर पाच टॅप मिळतील, आणि काहीही केलं तरी आठ हजारांत संपला.

मर्यादा लावली की एकदा तपासूनही बघा. दीड हजार लावलेत ना, मग सोळाशेची वस्तू टॅप करून घ्या. काही बँकांचं मशीन पिन मागतं, काहींचा व्यवहार सरळ नाकारला जातो. आपल्याकडे काय होतं ते दुकानदारासमोर ओशाळण्याआधी माहीत असावं. टॅप नकोच असेल तर फक्त तेवढंच बंद करा, कार्ड मशीनमध्ये घालून पिननं चालतच राहतं. 2020च्या त्याच आदेशामुळे नवीन कार्डावर टॅप मुळात बंदच येतो, आपण हौसेनं चालू करतो.

‘बँक परत देते.’ देते, हो. मलाही दिले. पण कसे, ते लिहायला तुम्ही विसरलात, किंवा काउंटरच्या पलीकडे बसून ते दिसत नसावं. पहिलं उत्तर आलं की कार्ड तुमच्या ताब्यात होतं, म्हणून निष्काळजी तुमची. मी रिझर्व्ह बँकेच्या 2017च्या परिपत्रकावर बोट ठेवलं. त्यात ग्राहकाची चूक सिद्ध करण्याची जबाबदारी बँकेवर टाकली आहे, आणि कळवल्यानंतर झालेला तोटा पूर्णपणे बँकेचा. चूक ना ग्राहकाची ना बँकेची, अशा व्यवहारात मेसेज आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकाला काहीच भरावं लागत नाही. चार ते सात कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर साध्या बचत खात्याला दहा हजारांपर्यंत भुर्दंड बसू शकतो. तक्रारीनंतर दहा कामकाजाच्या दिवसांत रक्कम तात्पुरती जमा व्हायला हवी, निकाल नव्वद दिवसांत. मी त्याच रात्री 10.58ला कार्ड ब्लॉक करून तक्रार क्रमांक घेतला होता, म्हणून माझं ऐकलं गेलं. क्रमांकाशिवाय नुसतं ‘फोन केला होता’ म्हणणाऱ्याला कोण विचारतं?

एक बारीक गोष्ट. ॲपमधून कार्ड ‘लॉक’ करणं म्हणजे तात्पुरतं थांबवणं, पर्स गादीखाली सापडली की उघडता येतं. चोरी नक्की असेल तर ‘ब्लॉक’ करायचं, तो नंबर कायमचा मरतो. मी आधी लॉक केलं, मग ब्लॉक, मग सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर फोन.

पेट्रोलचं म्हणाल तर पंपावर पिन दाबायला चार सेकंद लागतात. तेवढी फजिती मला परवडते.

आणि काका, पुढच्या वेळी लिहिण्याआधी स्वतःच्या ॲपमध्ये दुकान-खरेदीची दिवसाची मर्यादा बघा आणि तो आकडा इथे टाका. पाच हजार निघाला तर मी जाहीर माफी मागते.