शुगर उतरली तरी शरीर गप्प का राहतं : एका प्रतिक्रियेला उत्तर

वाचकाची प्रतिक्रिया : "ताई, तुमचा मागचा लेख वाचून माझी आई उगाच घाबरली. बाबांना २२ वर्षांपासून शुगर आहे, सकाळ-संध्याकाळ इन्शुलिन घेतात. तीन महिन्यांची सरासरी ६.४ आहे, डॉक्टर म्हणतात एक नंबर. महिन्याला फास्टिंग-पीपी करतो, ते पण बरोबर येतं. शुगर कमी झाली तर घाम येतो, हात थरथरतात, माणसाला कळतंच ना! बाबांना तर कित्येक वर्षांत तसं झालंच नाही. मग दिवसातून चार-पाचदा बोटं टोचायला कशाला सांगता? पट्ट्यांचा खर्च कोण करणार?"

नमस्कार दादा,

तुम्ही सगळं स्पष्ट लिहिलं ते बरं केलं. नागपुरात धंतोलीतल्या ज्या डायबेटिस क्लिनिकमध्ये मी पेशंटना इन्शुलिन आणि ग्लुकोमीटर शिकवते, तिथे हाच प्रश्न घरोघरची माणसं विचारतात. तुमच्या प्रतिक्रियेतली जी गोष्ट तुम्हाला निश्चिंत करते, तीच वाचून मला काळजी वाटली. २२ वर्षांचा आजार, दोन वेळचं इन्शुलिन, सरासरी ६.४ आणि कित्येक वर्षांत एकदाही थरथर नाही. याचा अर्थ शुगर कधी उतरलीच नाही असा असू शकतो. पण ती उतरते आणि बाबांना कळत नाही, हाही अर्थ तितकाच शक्य आहे. अशा पेशंटमध्ये मी आधी दुसराच धरून चालते.

निरोगी माणसाची शुगर ८०च्या खाली जायला लागली की स्वादुपिंड स्वतःचं इन्शुलिन सोडणं कमी करतं. ७०च्या आसपास ग्लुकागॉन आणि ॲड्रेनलिन ही दोन संप्रेरकं वाढतात आणि यकृतातली साठवलेली साखर बाहेर काढतात. साधारण ५५ला छाती धडधडते, हात कापतात, घाम फुटतो, भूक लागते. मेंदूचं काम अडखळायला लागतं ते त्याहून खाली, ५०च्या सुमारास. म्हणजे आधी इशारा आणि मग गोंधळ असा क्रम असतो, आणि मधल्या अवधीत माणूस उठून साखर खातो.

बाबांच्या बाबतीत पहिली पायरीच नाही. टोचलेलं इन्शुलिन शुगर उतरली म्हणून थांबत नाही. वर्षानुवर्षांच्या मधुमेहात ग्लुकागॉनचा प्रतिसादही मंदावत जातो. मग उरतं ॲड्रेनलिन, आणि त्याची अडचण अशी की शुगर एकदा खाली गेली की पुढच्या वेळी ते उशिरा आणि कमी सुटतं. आज दुपारी शुगर ५५ झाली असेल तर उद्याचा इशाराही मवाळ होतो. असं आठवड्यातून दोन-तीनदा होत राहिलं की घाम-थरथर यायची पातळी ५५वरून ५०, मग ४५ अशी घसरते. शेवटी क्रमच उलटतो. मेंदू आधी गोंधळतो आणि इशारा नंतर येतो, किंवा येतच नाही.

अशा वेळी माणूस "मला काही होत नाही" म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत नसतो. पण स्वतःची अवस्था ओळखायची ती मेंदूने, आणि साखर कमी पडलेली असते ती त्यालाच. म्हणून असे पेशंट समोर धरलेला साखर-पाण्याचा पेला ढकलून देतात, चिडतात. घरचे म्हणतात, "हल्ली दुपारी चिडचिड करतात." आपल्याकडे उन्हाळा ही आणखी एक फसवी गोष्ट आहे. मे महिन्यात घाम आला तर कूलरचं पाणी संपलं असेल असंच वाटतं, शुगर कोणाच्या डोक्यात येत नाही. शिवाय कातडी गरम असली की इन्शुलिन नेहमीपेक्षा लवकर शोषलं जातं.

एक उदाहरण सविस्तर सांगते, ओळख पटू नये इतपत तपशील बदलून. महालात राहणारे निवृत्त मास्तर, पासष्टीच्या पुढचे, २३ वर्षांचा मधुमेह. ३०/७० चं मिश्र इन्शुलिन सकाळी २४ आणि रात्री १६ युनिट. तीन महिन्यांची सरासरी ६.३. काकू तक्रार घेऊन आल्या होत्या ती वेगळीच : "हे जेवायला बसतात आणि ताटाकडे पाहत राहतात. दोनदा विचारलं तर एकदा उत्तर देतात." काकांचं म्हणणं, कानांनी कमी ऐकू येतं. आम्ही तिथेच बोट टोचलं. मीटर ४९ दाखवत होतं, आणि काका मला नातवाच्या ॲडमिशनबद्दल सांगत होते. घाम नाही, थरथर नाही. फक्त एक वाक्य त्यांनी दुसऱ्यांदा सांगितलं, तेही मला नंतर लक्षात आलं.

आठवडाभर त्यांनी उठल्यावर, दुपारच्या जेवणाआधी, चारच्या चहाला, रात्रीच्या जेवणाआधी आणि झोपताना अशी तपासणी केली, शिवाय तीन रात्री पहाटे तीनला गजर लावून. सकाळचे आकडे ११० ते १३०, अगदी शहाण्यासारखे. जेवणाआधी दीड वाजता मात्र ६६, ५८, ७१, ५३. पहाटे तीनला दोनदा ६०च्या खाली. रात्रीच्या जेवणाआधी १६० ते १९०.

आता या आकड्यांशेजारी तुमचं महिन्याचं फास्टिंग-पीपी ठेवून पाहा. लॅबमध्ये रक्त देतो ते सकाळी उपाशीपोटी आणि नाश्त्यानंतर दोन तासांनी. मिश्र इन्शुलिनमधला हळू चालणारा भाग टोचल्यानंतर साधारण ४ ते १० तास जोरात असतो. सकाळी आठला टोचलेलं दुपारी बारा ते संध्याकाळी सहा आणि रात्री नऊला टोचलेलं मध्यरात्रीनंतर पहाटेपर्यंत. म्हणजे शुगर उतरण्याच्या दोन्ही वेळा लॅबच्या दोन्ही वेळांच्या बाहेर पडतात. रिपोर्ट खरा असतो, पण तो त्या तासांबद्दल काहीच सांगत नाही.

तीन महिन्यांच्या सरासरीचंही तसंच. ६.४ म्हणजे साधारण १३७ची सरासरी. कोणाची शुगर दिवसभर ११० ते १६०मध्ये राहूनही ही सरासरी येते, आणि पहाटे ५५ अन् रात्री २२० होऊनही येते. दीर्घ मधुमेह, इन्शुलिन आणि उतारवय एकत्र असेल तर ६.४ वर शाबासकी देण्याआधी ती सरासरी कशाची आहे हे पाहायला हवं. अशा पेशंटमध्ये, विशेषतः दुसरे आजारही असतील तर, डॉक्टर मुद्दाम ७.५, कधी ८पर्यंतही चालवून घेतात.

मास्तरांच्या डॉक्टरांनी सकाळचा डोस २४वरून २० आणि रात्रीचा १६वरून १३ केला. जेवणाची वेळ साडेबारावर आणली. तीन आठवडे ७०च्या खाली एकदाही जायचं नाही, त्यासाठी जेवणाआधी १८० आलं तरी घाबरायचं नाही, असं ठरलं. हे तीन आठवडे उगाच ठरवलेले नाहीत. दोन-तीन आठवडे शुगर एकदाही खाली जाऊ दिली नाही तर हरवलेला इशारा बऱ्याच जणांत परत यायला लागतो, हे सिद्ध झालेलं आहे. पूर्वीसारखा पूर्ण परत येत नाही, आणि ग्लुकागॉनचा भाग तर येतच नाही. पण थोडा येतो. महिन्याभराने काकांनी स्वतःहून सांगितलं की ओठांना मुंग्या आल्या म्हणून मीटर लावलं, ६३ होतं. सरासरी पुढे ७.२ झाली. काकांना ती मार्क कमी पडल्यासारखी वाटली. मला आणि काकूंना नाही.

म्हणून दादा, वारंवार तपासणी हे घाबरवणं नाही. आतून जी सूचना यायची ती येत नसेल तर ती बाहेरून मिळवावी लागते, आणि शुगर चुकूनही उतरू द्यायची नसेल तर आधी कधी उतरते हे कळावं लागतं. एका आठवड्याला अशा ३८ पट्ट्या लागतात, ५०च्या एका डबीत हे भागतं. त्यानंतर रोज पाच वेळा टोचायची गरज बहुतेकांना राहत नाही. ज्या तासाला शुगर उतरते तो तास धरून ठेवायचा, झोपतानाची एक, आणि गाडी चालवण्याआधीची एक. बाबा वर्धा रोडवर स्कूटर काढत असतील तर ही शेवटची मी कधीच सोडू देणार नाही. ९०च्या खाली असेल तर आधी काही खायचं, मग किल्ली घ्यायची. पैसे वाचवायचे असतील तर रोज सकाळी उपाशीपोटी घेतलेला तोच तो १२० वाचवा. पट्टी दुपारी वापरा.

मीटर वाचताना दोन गोष्टी लक्षात ठेवा. १००च्या खाली चांगलं मीटरसुद्धा १५ इकडे-तिकडे दाखवू शकतं, त्यामुळे ७२ पाहून निर्धास्त होऊ नका. आणि संत्रं सोलल्यावर हात साबण-पाण्याने धुतल्याशिवाय बोट टोचू नका. सालीचा रस बोटावर राहिला तर आकडा खोटा वर जातो आणि खरी कमी झालेली शुगर झाकली जाते. नुसत्या स्पिरिटच्या बोळ्याने तो नीट निघत नाही. आपल्या नागपुरात हिवाळाभर हे होतं. टोचायचं बोटाच्या कडेला, मधोमध नाही. दुखणं बरंच कमी होतं.

७०च्या खाली आलं तर बरं वाटत असलं तरी साखर घ्यायची. तीन चमचे साखर पाण्यात किंवा तेवढीच ग्लुकोज पावडर, आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासणी. अजून ७०च्या खाली असेल तर पुन्हा तेवढंच. संत्रा बर्फी अशा वेळी कामाची नाही, खव्यातल्या तुपामुळे साखर रक्तात उशिरा पोचते. बाबा व्होग्लिबोज किंवा अकार्बोज घेत असतील तर साखरही नाही, ग्लुकोजच हवं, कारण त्या गोळ्या साखरेचं पचन अडवतात. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका, कुशीवर वळवा आणि १०८ला फोन करा.

बाबांच्या गोळ्यांची चिठ्ठीही एकदा पाहा. रक्तदाबासाठी किंवा हृदयासाठी मेटोप्रोलॉलसारखी गोळी चालू असेल तर धडधड आणि थरथर ती दाबते, घाम मात्र येतो. ती स्वतः बंद करायची नाही, डॉक्टरांच्या कानावर घालायची. किडनीचा रिपोर्ट वर्षाच्या आत झालेला नसेल तर तोही करा. किडनी मंदावली की इन्शुलिन शरीरात जास्त वेळ राहतं, आणि वर्षानुवर्षं बरोबर असलेला डोसच जास्त होऊ लागतो. इन्शुलिन न घेता ग्लिमेपिराइड घेणाऱ्यांनाही हे लागू आहे.

आईंना विचारा, दुपारी जेवणाआधी किंवा पहाटे बाबा कधी वेगळे वागतात का. तेच ते बोलणं, एकटक बघणं, विनाकारण राग, सकाळी ओली झालेली उशी, उठल्यावर डोकं दुखणं. यातलं एकही असेल तर आठवडा पुरा व्हायची वाट पाहू नका; आज रात्री तीनचा गजर लावा आणि आकडा ७०च्या खाली आला तर उद्याच डॉक्टरांना फोन करा. तोपर्यंत डोस स्वतःच्या मनाने बदलू नका. काही नसेल तर आठवड्याचे आकडे वेळेसकट वहीत लिहा, शेजारी इन्शुलिन किती वाजता टोचलं आणि जेवण किती वाजता झालं तेही. ती वही पाहिल्यावर डॉक्टरांना डोस ठरवायला ६.४ पेक्षा कितीतरी जास्त कळेल.