प्रतिक्रियेला उत्तर: दोन ओळीत का नाही लिहिलं

वाचकाची प्रतिक्रिया: "मावशींचा फोन अरबीत अडकला एवढ्याशा गोष्टीसाठी सपोर्टला अख्खा निबंध? 'फोन अरबीत गेलाय, इंग्लिश कसा करू' एवढं लिहिलं असतं तरी भागलं असतं. नाहीतर सरळ रीसेट मारायचा, पाच मिनिटांचं काम. कुठल्या स्क्रीनवर कुठलं चित्र हे वाचायला कोणाला वेळ आहे?"

दोन ओळींचा मेसेज मी आधी पाठवला होता हो, तो पोस्टमधे टाकला नाही ही माझी चूक. त्यात मी लिहिलं होतं "फोन उर्दूत गेलाय, मदत करा". उत्तर आलं दहा मिनिटांत, Settings मधे जा, System दाबा, मग Languages & input. आता सांगा, ज्या फोनवर एक अक्षर इंग्रजी दिसत नाहीये तिथे System हा शब्द शोधायचा कुठे? त्यात त्यांचा काही दोष नाही, मी जेवढं सांगितलं तेवढ्यावर त्यांनी उत्तर दिलं. आणि भाषा पण मी चुकीची सांगितली होती.

ती उर्दू नाहीये हे कळलं घड्याळावरून. संध्याकाळचे साडेपाच वाजलेले आणि फोन दाखवतोय ٥:٣٠. आपल्या डोळ्याला ते सरळ ०:३० दिसतं, पहिला आकडा अगदी मराठी शून्य. मावशी तर म्हणाली फोन मधेच बंद पडून घड्याळ शून्यावर गेलंय. पण तो अरबी पाच आहे, अरबी शून्य म्हणजे नुसता टिंब असतो. मी दुसऱ्या मेसेजात आकडे जसे दिसले तसे लिहून पाठवले तेव्हा तिकडच्या मुलीने लगेच ओळखलं की ही अरबी, फारसी पण नाही कारण फारसीतला पाच उलट्या बदामासारखा असतो. फोन मस्कतहून भाचा घेऊन आलेला, तेव्हा ते जुळलंच.

आता तो "निबंध". पोस्टमधे तुकड्या-तुकड्यात दिला होता, इथे सलग देते, बघा यातलं काय गाळता येतंय:

"अँड्रॉइड १२, स्टॉक दिसतोय, कंपनीची वेगळी सजावट नाही. होम स्क्रीनवर गिअरचं चित्र दाबलं. यादी उघडली, सगळी चित्रं उजव्या कडेला, अक्षरं त्यांच्या डावीकडे. अगदी तळापर्यंत सरकवलं. खालून तिसऱ्या ओळीला गोलात i चं चित्र आहे, ते दाबलं. नवीन पान, सगळ्यात वरच्या ओळीला पृथ्वीचा गोल, ते दाबलं. पुढच्या पानावर पहिलीच ओळ दाबली. आता दोन ओळींचं पान आहे. वरच्या ओळीत उजव्या टोकाला ١, मग अरबी अक्षरं. खालच्या ओळीत उजव्या टोकाला ٢, मग English (India), आणि डाव्या टोकाला छोट्या आडव्या रेघा. त्याच्या खाली अधिकचं चिन्ह. English (India) तीनदा दाबलं, काही होत नाही. दाबून धरून उजव्या बाजूने ओढलं, तरी काही नाही."

यावर उत्तर एका ओळीचं आलं: नावावर दाबू नका, डाव्या टोकाच्या त्या रेघा धरून ओळ वर ओढा. ओढली, बोट उचललं, आणि अख्खा फोन इंग्रजीत. बस.

का चाललं ते सांगते, कारण मुद्दा तोच आहे. अँड्रॉइडच्या त्या पानावर भाषा निवडायची नसते, क्रम लावायचा असतो. जी एक नंबरवर ती फोनची भाषा. हे ७.० पासून, म्हणजे २०१६ पासून असंच आहे. त्यामुळे नावावर कितीही टॅप केलं तरी तो मठ्ठ बसून राहतो आणि आपल्याला वाटतं फोन हँग झालाय. भाच्याने मस्कतला असताना अरबी दुसऱ्या नंबरवर टाकून ठेवलेली आणि मावशीच्या नातवाने खेळता-खेळता ती वर ओढली असणार, दुसरं काही कारण सापडत नाही.

आणि मी रेघा का ओढल्या नाहीत? कारण सवयीने मी उजवी कड धरत होते. अरबी उजवीकडून डावीकडे लिहितात म्हणून फोनचं नुसतं लिखाण नाही, पूर्ण मांडणी आरशातल्यासारखी उलटते. मागे जायचा बाण वरती उजव्या कोपऱ्यात येतो, आपल्याकडे उजव्या टोकाला असलेल्या रेघा डावीकडे जातात. लक्ष्मी रोडवर "डाव्या हाताचं दुकान" सांगितलं तर माणूस आधी विचारतो ना, अलका चौकाकडे तोंड करून की पाठ करून? तसंच. सपोर्टवाल्याने "उजवीकडे दाबा" सांगितलं तर ते त्याच्या समोरच्या सरळ फोनवरचं उजवं असतं. मी "उजव्या टोकाला ٢, डाव्या टोकाला रेघा" लिहिलं म्हणून तिकडे कळलं बाई कुठे चुकतेय.

अजून एक, त्या यादीत प्रत्येक भाषेचं नाव त्या-त्या लिपीतच असतं. म्हणजे फोन अगदी कोरियनमधे गेला तरी तिथे English हा शब्द इंग्रजीत आणि मराठी मराठीत दिसणार. त्यामुळे तिथपर्यंत पोचणं एवढंच अवघड, आणि पोचायला शब्द उपयोगाचे नाहीत, चित्र आणि ओळ मोजणं उपयोगाचं. खालून मोजायचं कारण वरच्या बाजूला कधी-कधी सूचनांच्या जादा ओळी येतात, मग मोजणी चुकते. एक मात्र मान्य, हे माझं "खालून तिसरी" दुसऱ्या कंपनीच्या फोनवर तसंच लागू पडेल असं नाही, काहींनी भाषा वेगळ्याच कप्प्यात ठेवलीये. म्हणून मेसेजात व्हर्जन आणि कंपनीची सजावट आहे की नाही ते सगळ्यात आधी.

रीसेटचं म्हणाल तर पाच मिनिटं पुसायला लागतात, नंतरचं कोण बघणार? मावशीचे फोटो बॅकअपला नव्हते. आणि सेटिंग्जमधला रीसेटचा पर्याय पण अरबीतच, म्हणजे तोही सापडणार नाही, मग लोक बटणं दाबून रिकव्हरीत जातात आणि तिथून Wipe data/factory reset मारतात, तो मेनू इंग्रजीत असतो ना. तसं केलं की सुरू होताना फोन आधीच्या गूगल अकाउंटचा पासवर्ड मागू शकतो, चोरीच्या फोनसाठी ठेवलेलं कुलूप आहे ते. या फोनवर अकाउंट भाच्याचं आणि भाचा मस्कतला. मग भाषा इंग्रजी पण फोन कुलूपबंद.

स्क्रीनशॉट का नाही पाठवला हे विचाराल म्हणून सांगते, त्यांच्या फॉर्ममधे फोटो जोडायची सोयच नव्हती. असती तर दुसऱ्या फोनने शेवटच्या पानाचा फोटो काढून पाठवला असता आणि निम्मं लिखाण वाचलं असतं.

हां, मावशीने चहा कितीदा केला आणि नातवाला कशी ओरडली ते सगळं पोस्टमधे फार झालं, ते कापते आज. मेसेज मात्र आहे तसाच राहील.