फोटोपीत पीएसडी उघडली की फाईल मेली? एकेक मुद्दा घेऊ

«फोटोपीमध्ये पीएसडी अजिबात उघडू नका. फाईल त्यांच्या सर्व्हरवर जाते, लेयर सपाट होतात, मराठी टाईप फुटतो, मोठा बॅनर हँग होतो आणि फाईल परत फोटोशॉपवाल्याला दिली तर त्याच्याकडे उघडतच नाही.»

फोटोपी म्हणजे फोटोशॉपच्या पीएसडी फाईल ब्राउझरमध्येच उघडून देणारी वेबसाइट, आणि वरचा दावा तिच्याबद्दलचा. पहिलं सर्व्हरचं. हे तपासायला कोणाचं ऐकायची गरजच नाही, दोन मिनिटांत घरी करून बघता येतं. photopea.com उघडा, पान पूर्ण लोड होऊ द्या, मग वायफाय बंद करा. आता File > Open करून पीएसडी घ्या, एखादा लेयर हलवा, File > Save as PSD करा. सगळं चालतं. नेटच नाही तर फाईल गेली कुठे? फोटोपी म्हणजे ब्राउझरमध्ये चालणारा जावास्क्रिप्टचा प्रोग्राम आहे, इव्हान कुत्स्किर नावाच्या एका माणसाने २०१३ साली सुरू केलेला, आणि फाईल वाचायचं न् रंगवायचं काम तुमच्याच मशीनवर होतं. नेट लागतं ते पान पहिल्यांदा लोड व्हायला, जाहिरातींना आणि त्यांच्या यादीतला नवीन फॉन्ट निवडला की तो उतरवायला. अपवाद आहेत, म्हणजे Magic Replace सारखी चित्र बनवून देणारी सोय वापरली तर तो भाग बाहेर जातो, किंवा तुम्ही स्वतःच क्लाउडवर सेव्ह केलं तर अर्थातच जातो. पण साधं एडिटिंग करताना नाही.

खरी गळती दुसरीकडे असते आणि त्यावर कोणी बोलत नाही. सायबर कॅफेत किंवा मित्राच्या ऑफिसातल्या पीसीवर काम केलं तर मूळ पीएसडी, सेव्ह केलेली पीएसडी, पेनड्राइव्हवरून कॉपी केलेले फोटो, सगळं त्या मशीनवर, बहुतेक डाउनलोड फोल्डरमध्ये, पडून राहतं. ते आधी उडवा, रीसायकल बिनसकट, मग सर्व्हरची काळजी करा.

लेयर सपाट होतात हे कुठून आलं याचा मला अंदाज आहे. लोक File > Export as मधून जेपीजी काढतात, तीच पुढे पाठवतात आणि मग म्हणतात लेयर गेले. जेपीजीत लेयर नसतातच, फोटोशॉपमधून काढली तरी नसतात. पीएसडी म्हणून सेव्ह केलं तर लेयर, फोल्डर, मास्क, ब्लेंड मोड, सावली-आउटलाईनचे इफेक्ट, अ‍ॅडजस्टमेंट लेयर, स्मार्ट ऑब्जेक्ट हे सगळं वेगवेगळंच राहतं.

आता मराठी टाईप. इथे दाव्यात थोडं तथ्य आहे, पण दोष भलत्याच्या माथी मारलाय, म्हणून एक खरंखुरं काम घेऊन बोलतो. गणपती मंडळाचा फलक आहे, गेल्या वर्षी कोणीतरी फोटोशॉपमध्ये केलेला, आता डिझाइनर गावाला गेलाय, कार्याध्यक्ष बदलले, त्यांचं नाव आणि फोटो बदलून संध्याकाळपर्यंत फ्लेक्सवाल्याला द्यायचंय, आणि हाताशी फक्त ब्राउझर असलेला लॅपटॉप.

फाईल उघडली की फॉन्ट सापडत नाहीत असा निरोप येतो, पण कॅनव्हासवर मराठी मात्र एकदम नीट दिसत असतं. त्याचं कारण असं की पीएसडीत टेक्स्ट लेयरबरोबर त्याचं तयार चित्रही साठवलेलं असतं, आणि तुम्ही लेयरला हात लावत नाही तोवर तेच चित्र दिसतं. मग टी टूल घेऊन नावावर क्लिक केलं, एक अक्षर बदललं, की अख्ख्या ओळीच्या जागी परदेशी अक्षरं, खुणा आणि टिंबटिंब. लोक म्हणतात फोटोपीने फोडलं. अहो, ती ओळ मुळात युनिकोड नव्हतीच! आपल्याकडे फ्लेक्स आणि डीटीपीच्या धंद्यात श्री-लिपी, आयएसएम असल्या जुन्या पद्धतीचे फॉन्ट वर्षानुवर्षं चालत आलेत. त्यात फाईलच्या आत इंग्रजी कीबोर्डचीच अक्षरं आणि खुणा असतात, फक्त फॉन्ट त्यांना मराठीचा वेश चढवतो. फॉन्ट नसला की वेश उतरतो. आणि हे फोटोशॉपमध्येही तसंच होतं, ज्या पीसीवर तो फॉन्ट टाकलेला नाही तिथे उघडून बघा.

उपाय दोन आहेत. डिझाइनरकडून ती टीटीएफ फाईल मिळाली, आणि वापरायची परवानगी असली, तर फॉन्टच्या यादीतल्या Load Font ने घ्या किंवा सरळ फाईल ओढून फोटोपीच्या खिडकीत सोडा. कॉम्प्युटरवर फॉन्ट इन्स्टॉल केलाय म्हणून तो ब्राउझरच्या यादीत आपोआप दिसेल असं धरू नका. पण फॉन्ट आला तरी टाईप कसं करणार, त्या पद्धतीचा कीबोर्ड तुमच्या लॅपटॉपवर नसतो. म्हणून मी दुसरा रस्ता घेतो. जुन्या नावाचा लेयर डोळा बंद करून लपवायचा, डिलीट नाही करायचा, आणि वर नवीन टेक्स्ट लेयर करून युनिकोडमध्ये लिहायचं, फॉन्ट मुक्ता किंवा बलू किंवा नोटो सान्स देवनागरी. जुन्या लेयरचे इफेक्ट कॉपी करून नव्यावर पेस्ट केले की पिवळी आउटलाईन न् सावली जशीच्या तशी येते. अक्षराचं वळण थोडं वेगळं दिसेल, मग त्या पट्टीवरची बाकीची दोन-तीन नावं पण त्याच फॉन्टमध्ये करून टाका, नाहीतर एकटं नाव उपरं दिसतं. बाकीच्या मराठी ओळींना मात्र अजिबात क्लिक करू नका. चुकून हात लागायची भीती वाटत असेल तर ते लेयर लॉक करा.

लिहून झालं की जोडाक्षरं बघा. «कार्याध्यक्ष» हाच शब्द परीक्षेला उत्तम, त्यात रफार आहे, ध्य आहे, क्ष आहे. रफार «या»च्या डोक्यावर बसायला हवा, ध्य आणि क्ष जोडलेले दिसायला हवेत. मध्ये पाय मोडलेलं अक्षर सुटं दिसलं किंवा पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे गेली तर समजायचं जुळणी होत नाहीये. झूम करून बघा, छोट्या आकारात कळत नाही. तसं झालं तर आधी फॉन्ट बदलून बघा. तरी नाहीच जमलं तर गूगल स्लाइड्समध्ये ती ओळ मोठ्या आकारात लिहून स्लाइड एसव्हीजी म्हणून डाउनलोड करा आणि फोटोपीत File > Open & Place ने आणा. मागे पांढरी पाटी आलीच तर ती काढून टाका. मग ती ओळ टेक्स्ट म्हणून एडिट होणार नाही, पण फलकावर नाव बरोबर छापणं जास्त महत्त्वाचं.

फोटोचं काम त्यामानाने सोपं. फोटो स्मार्ट ऑब्जेक्ट असेल तर लेयरच्या छोट्या चित्रावर डबल क्लिक करा, तो वेगळ्या टॅबमध्ये उघडतो, म्हणजे ब्राउझरचा टॅब नव्हे, फोटोपीच्या आतलाच. तिथे नवीन फोटो आणून बसवा, Ctrl+S दाबा, मूळ फलकावर गोल फ्रेम न् कडा सांभाळून फोटो बदललेला दिसेल. फोटो लहानमोठा करायला मात्र फोटोशॉपच्या सवयीने Ctrl+T दाबाल तर ब्राउझरचा नवीन टॅब उघडेल, इथे Alt+Ctrl+T आहे. आणि Ctrl+W पासून बोट लांबच ठेवा, त्याने ब्राउझरचा टॅबच बंद होतो.

हँग व्हायचा मुद्दा खरा आहे, पण त्यालाही गणित आहे. १० बाय ६ फुटांचा फलक ७२ रिझोल्युशनला खऱ्या मापात केला तर ८६४० बाय ५१८४ पिक्सेल होतात. पिक्सेलला ४ बाइट धरले तर कॅनव्हासभर पसरलेला एक लेयर जवळजवळ १८० एमबी, असे १० लेयर म्हणजे १.८ जीबी, आणि हे नुसतं मेमरीतलं, डिस्कवर फाईल कितीतरी लहान दिसते. ४ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर, त्यात आणखी वीस टॅब उघडे, ब्राउझर मान टाकणारच. म्हणून बाकीचे टॅब बंद करा, फाईल उघडल्यावर लगेच दुसऱ्या नावाने सेव्ह करा, आणि दर थोड्या वेळाने सेव्ह करत राहा. नावाची पट्टी छोटी असते, तिचा लेयर तेवढ्याच जागेचा, त्याचं वजन नगण्य. भारी पडतात ते पार्श्वभूमीचे ढग, प्रकाशाचे झोत, कॅनव्हासबाहेर लोंबणारे फोटो. त्यांना हात लागू नये म्हणून पार्श्वभूमीच्या लेयरची नक्कल करून नक्कलच एकत्र करायची, मूळ लपवायचे असले प्रकार इथे करू नका, त्याने मेमरी वाढतेच. फाईल उघडतानाच टॅब कोसळत असेल तर मग त्या मशीनवर हे काम होणार नाही, दुसरं मशीन शोधा, फोटोपी बदलून किंवा शिव्या घालून काही होत नाही.

शेवटचं, परत फोटोशॉपला देणं. उघडते. कधीकधी फोटोशॉप विचारतं की टेक्स्ट लेयर अपडेट करायचे का, आणि समोरच्याला वाटतं फाईल बिघडली. अपडेट म्हणजे फोटोशॉप ती ओळ स्वतःच्या पद्धतीने पुन्हा मांडतं, तेव्हा ओळीची रुंदी किंचित सरकू शकते, आणि समोर मुक्ता फॉन्ट टाकलेला नसेल तर तो पुन्हा फॉन्ट मागणार. त्याला आधी नाही म्हणून बघायला सांगा. मी तर पीएसडीबरोबर फॉन्टची फाईल आणि फोटोपीतूनच काढलेली पीएनजी अशा तिन्ही गोष्टी एका झिपमध्ये देतो, म्हणजे त्याच्याकडे काय दिसायला हवं ते त्याला पीएनजीवरून कळतं. सेव्ह केलेली पीएसडी फोटोपीतच परत उघडून «बरोबर आहे» म्हणण्यात अर्थ नाही, ज्याने लिहिली त्यालाच वाचायला दिल्यासारखं आहे ते. समोरच्याकडून स्क्रीनशॉट मागवा.

छपाईचा रंग हा प्रश्न उरतो. फ्लेक्सवाल्याला सीएमवायके हवं असेल तर Image > Mode मध्ये फाईल कशात आहे ते बघून त्याला तसं सांगा, आणि शक्य असेल तर फलकाचा एक हातभर तुकडा आधी छापून घ्या, विशेषतः भगवा रंग, कारण स्क्रीनवरचा भगवा फ्लेक्सवर विटकरी होऊन येतो ही तक्रार फोटोशॉपवालेही रोज करतात.