एकोणीस फ्रेमचा हट्ट

कोथरूडच्या त्या खोलीत आमच्या गाण्याची क्लिप बनवायला बसलो, की दरवेळी तेच! पडद्यावरचे शब्द ठेक्यावर यायला हवेत, हे सगळ्यांना मान्य. पण गणित करायचं कुणाला नको असतं.

गाणं 96 बीपीएमचं, मिनिटाला 96 ठोके, म्हणजे एक ठोका 0.625 सेकंदाचा. व्हिडिओ सेकंदाला 30 फ्रेमचा. म्हणजे एका ठोक्याला पावणेएकोणीस फ्रेम. आता पाव फ्रेम कमी कुठून आणणार? मग एडिटिंगला बसलेला मित्र म्हणतो, "एकोणीस धर रे, कुणाला कळतंय!" आणि पहिला शब्द लावून पुढचे एकोणीस-एकोणीस फ्रेमवर डकवत जातो.

पहिल्या ओळीत खरंच कळत नाही. पण प्रत्येक ठोक्याला पाव फ्रेम साचते, आणि बत्तिसाव्या ठोक्यानंतर, म्हणजे विसाव्या सेकंदाला, शब्द आठ फ्रेम मागे. पाव सेकंदाहून जास्त! गायिका 'पाऊस' म्हणून मोकळी होते आणि मग पडद्यावर पाऊस येतो. ऐन ध्रुवपदात!

अरे, प्रत्येक ठोक्याची वेळ गाण्याच्या सुरुवातीपासून मोज ना! बत्तीस गुणिले 18.75, बरोबर 600वी फ्रेम. तिथे लाव. मधल्या ठोक्यांना जवळची फ्रेम धर, चूक अर्ध्या फ्रेमपलीकडे जातच नाही.

त्यात 'स्वप्न'सारखा शब्द आला की नवीन वाद. 'स्'ची सळसळ ठोक्याच्या आधीच सुरू होते, ठोक्यावर येतो तो 'अ'. पण हा मित्र वेव्हफॉर्ममध्ये, म्हणजे आवाजाच्या आलेखात, पहिली थरथर दिसली की तिथेच शब्द चिकटवतो. डोळ्यांनी कशाला लावतोस, कानांनी लाव की!